पाटीवरचे ५०, बिलावरचे २१

सेलच्या पाटीत पाच घटक असतात: एक मोठा आकडा, त्याच्या खांद्यावर टक्क्याचे चिन्ह, ‘ऑफ’ किंवा ‘सूट’ हा शब्द, ‘अपटू’ किंवा ‘पर्यंत’ हा दुसरा शब्द आणि अगदी कोपऱ्यात एक चांदणी. पाटीची जागा या पाचांत समान वाटलेली नसते. आकडा निम्म्याहून अधिक पाटी अडवतो. ‘अपटू’ पाचाच्या डाव्या अंगाला उभा, म्हणजे मान वाकडी केल्याशिवाय वाचता येणार नाही असा असतो. चांदणी तर छापताना शाई उडाली असावी इतकी लहान.

रत्नागिरीच्या राम आळीत आषाढात लागणाऱ्या पाटीला आणखी एक घटक चिकटतो, तो म्हणजे सुतळी. पावसाच्या झोडीने फ्लेक्स फडफडू नये म्हणून ती आडवी बांधतात, आणि नेमकी ‘अपटू’वरून जाते. यात कोणाचा हेतू नसतो असे धरून चालावे. पाटी वाचण्याची अंतरेही ठरलेली आहेत. पन्नास हा आकडा रस्त्याच्या पलीकडून, छत्रीखालूनसुद्धा वाचता येतो. ‘अपटू’ दुकानाच्या पायरीवर आल्यावर दिसतो. चांदणीचा अर्थ, म्हणजे ‘निवडक मालावर, अटी लागू’, गल्ल्यापाशी पोहोचल्यावर कळतो. तोवर छत्री मिटलेली असते, चपला काढलेल्या असतात आणि मुलाच्या अंगात शर्टाची एक बाही गेलेली असते.

आता या पाटीचा काटेकोर अर्थ पाहू. दुकानात ५० टक्क्यांहून अधिक सूट कशावरही नाही, एवढेच ती ठामपणे सांगते. खालच्या बाजूला ती काहीही कबूल करत नाही. एका वस्तूवर ५०, दुसरीवर १०, तिसरीवर शून्य असले तरी पाटी खोटी ठरत नाही. एका हातरुमालावर निम्मी किंमत घेतली आणि बाकी सगळे दुकान छापील भावाने विकले, तरीही तर्कशास्त्र दुकानदाराच्याच बाजूने उभे राहील. नीट वाचली तर ही पाटी आमंत्रणापेक्षा ताकीद जास्त आहे: याच्या वर मागू नका. घासाघीस करणे हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या गावात अशी ताकीद लाल अक्षरांत लावून वर लोकांकडून गर्दीही करवून घ्यायची, हे कसब मान्य केले पाहिजे.

हा अर्थ लोकांना कळत नाही असे या जिल्ह्याबद्दल तरी म्हणता येणार नाही. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले रँग्लर परांजपे याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे, आणि टिळकही रत्नागिरीत जन्मले व गणित शिकवत. अडचण गणिताची नसून डोळ्यांची आहे, आणि ती जगभर आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ साली एक अभ्यास जाहीर केला. खिडक्या बदलल्यास ऊर्जेच्या खर्चात ‘४७ टक्क्यांपर्यंत’ बचत होईल, अशी जाहिरात काही लोकांना दाखवली. दुसऱ्या गटाला दाखवलेल्या जाहिरातीतून ‘पर्यंत’ काढून टाकले. दोन्ही गटांचा समज जवळजवळ सारखाच निघाला. ‘पर्यंत’ वाचूनही पुष्कळांनी सरळ ४७ टक्केच धरले होते. म्हणजे हा शब्द छापला जातो, दिसतोही, पण डोक्यापर्यंत जात नाही.

सेल आषाढातच का लागतो, हे कळल्याशिवाय सूट कुठे किती हे कळत नाही. कोकणातल्या कापडदुकानाचे वर्ष पैशाच्या भरती-ओहोटीवर चालते. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचा पैसा हातात असतो, लग्ने असतात, मुंबईकर आलेले असतात. तेव्हा दुकानदार सूट हा शब्द ऐकू आला तरी पंख्याकडे बघतो. जूनच्या मध्याला आंबा संपतो. मिरकरवाड्याच्या होड्या जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला. चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्तही थंडावतात. शाळेचे गणवेश आणि रेनकोट यांच्यापुरते गिऱ्हाईक येते आणि तेवढेच घेऊन जाते. पुढे भाद्रपदात गणपती, म्हणजे चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या आणि वर्षातली सर्वांत मोठी खरेदी. त्यासाठी श्रावणातच नवा माल भरावा लागतो. नव्या मालाला दोन गोष्टी लागतात, फळीवर जागा आणि हातात रोकड. या दोन्ही गोष्टी जुन्या मालाने अडवून ठेवलेल्या असतात.

त्यात इथला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात कापड नुसते पडून राहत नाही, ते पडल्या पडल्या बिघडतेही. घडीच्या कडेला दमट वास येतो, जर काळवंडते, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर पिवळी रेघ उमटते. पुढच्या आषाढापर्यंत थांबू म्हटले तर तोच शर्ट वर्षभराने अधिक म्हातारा झालेला असतो. तेव्हा इथला आषाढी सेल बहुतेक वेळा खरोखरचा सेल असतो. दुकानदाराला माल काढायचाच असतो. प्रश्न फक्त कोणता माल, एवढाच.

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच सवलतीचा खरा पल्ला. उदाहरणासाठी राम आळीतले एक बेताचे दुकान कल्पावे आणि त्यात विक्रीला मांडलेले ४०० नग धरावेत. यांतल्या १२ नगांवर ५० टक्के सूट आहे. ४० नगांवर ४०, ९० नगांवर ३०, १५० नगांवर २० आणि ७० नगांवर १० टक्के. उरलेले ३८ नग ‘फ्रेश माल’ आहेत, म्हणजे त्यांच्यावर सूट नाही आणि त्यांच्याबद्दल विचारणेही दुकानदाराला आवडत नाही. या मांडणीत पाटीवरचा आकडा शंभरात तीन नगांना लागू पडतो. सगळ्या नगांवरच्या सवलतींची सरासरी काढली तर ती साडेएकवीस टक्के येते. आंब्याच्या पेटीचा वरचा थर पाहून खालच्या थराची किंमत देण्याचा अनुभव रत्नागिरीला नवा नाही. पाटी हा असाच वरचा थर असतो.

पन्नास टक्क्यांचे ते १२ नग कोणते, हे पाहण्यासारखे आहे. त्यांत दोन स्वेटर असतात. जिथे कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे पायाशी असलेली चादर छातीपर्यंत ओढणे, तिथे दुकानात स्वेटर आला कुठून, असा प्रश्न पडतो. तो मागवलेला नसतो. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून लॉट उचलताना चांगल्या मालाबरोबर तो पदरी पडतो आणि मग पदरातच राहतो. लहान मुलाची एक शेरवानी असते; कोणाच्या तरी लग्नासाठी आणवली गेली आणि तोवर मुलगा वाढला. शोकेसमधल्या पुतळ्याच्या अंगावर उन्हाळाभर राहिलेली एक साडी असते, तिचा दर्शनी पदर फिका आणि आतला भाग मूळ रंगाचा, म्हणजे एका किमतीत दोन छटा. अठ्ठावीस कमरेच्या आणि चव्वेचाळीस कमरेच्या पँट असतात, मधल्या कोणाच्याच नाहीत. मोहरी रंगाचा एक ब्लेझर असतो आणि त्याच्याविषयी दुकानातला मुलगाही काही बोलत नाही.

चाळीस टक्क्यांचा ढीग ‘कट साईझ’चा असतो. शर्ट दुकानात सुटा येत नाही, एका रंगाचे ३८, ४०, ४२, ४४ असे साईझ मिळून सेट येतो. चाळीस आणि बेचाळीस आधी जातात, कारण बहुतेक माणसे त्याच मापाची असतात. मागे राहतात दोन टोके. सेट तुटला की त्या रंगाची फळीवरची किंमत जाते. गिऱ्हाइकाला शर्ट दाखवायचा आणि ‘यात तुमचा साईझ नाही’ म्हणायचे, हे दुकानदाराला रोज किती वेळा परवडणार? म्हणून तुटलेल्या सेटवर चाळीस टक्के. परिणाम असा, की सवलत वस्तूवर नसून शरीरावर मिळते. फार बारीक आणि फार जाड माणसे सेलची खरी लाभार्थी. मध्यम बांध्याच्या माणसाने डॉक्टरांना विचारून सेलला जावे.

तीस टक्क्यांत गेल्या गणपतीची डिझाइने येतात. कापडात खोट नसते, पण बाही जरा जास्त फुगलेली किंवा चौकडा जरा मोठा असतो. खरे सांगायचे तर शहाण्या माणसाने दुकानातल्या याच कोपऱ्यात जाऊन उभे राहावे. माल चांगला, साईझ बरेचसे शिल्लक आणि फॅशनची मुदत संपली हे ज्याला कळेल तो माणूस रत्नागिरीत भेटेल याची शक्यता कमी. वीस टक्क्यांत नेहमीचा चालता माल असतो आणि तोच सर्वांत जास्त असतो. दहा टक्क्यांत रेशमी साड्या आणि नावाजलेल्या कंपन्यांचे कपडे. तिथे दुकानदाराची सुटायची तयारी असली तरी मार्जिन सुटू देत नाही.

शून्य टक्क्यांत बनियन, टॉवेल, गणवेश आणि रेनकोट. बनियनची फॅशन बदलत नाही, गणवेश दुसऱ्या कोणाला विचारून घ्यायचा नसतो आणि आषाढात रेनकोटवर सूट देणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे. रेनकोट स्वस्तात हवा असेल तर ऑक्टोबरात जावे, पाऊस नसताना.

सगळी उतरंड अशी पाहिली की एक नियम हाती लागतो. वस्तूची गिऱ्हाइकाला जेवढी गरज, तेवढी तिच्यावर सूट कमी. सूट मालाच्या किमतीवर मिळत नसून दुकानदाराच्या काळजीवर मिळते.

ही काळजी रुपयांतही मांडता येते. समजा, १,३०० रुपयांचा टॅग असलेला शर्ट दुकानदाराला ७५० ला पडला. वीस टक्के सूट दिली तर तो १,०४० ला जातो आणि भाडे, पगार, कर यांच्या आधी २९० रुपये सुटतात. पन्नास टक्के दिली तर ६५० येतात, म्हणजे पदरचे शंभर जातात. तरीही चव्वेचाळीसचा शेवटचा शर्ट तो ६५० ला देतो, कारण ते ६५० गणपतीच्या मालात फिरवता येतात आणि शर्ट फिरवता येत नाही. पण असे नग बाराच का आणि चारशे का नाहीत, हेही यातूनच कळते.

कधीकधी मात्र पन्नास टक्क्यांचा ढीग बाराचा नसून दोनशेचा असतो. तेव्हा आनंद होण्याआधी तो ढीग हाताने चाळावा. खरा जुना माल विस्कळीत असतो: एका रंगाचा एकच नग, साईझ टोकाचे, घडी मोडलेली, टॅगचा दोरा बदललेला. उलट, पन्नास टक्क्यांत तोच शर्ट अठ्ठेचाळीस प्लास्टिक पिशव्यांत, सहा रंगांत, सर्व साईझमध्ये कडक घडीत हजर असेल, तर तो मागे राहिलेला माल नव्हे. तो सेलसाठीच शिवलेला आहे, आणि त्याचा १,३०० चा टॅगही सेलसाठीच छापलेला आहे. तो कधीही १,३०० ला विकला गेला नव्हता आणि विकला जाणारही नव्हता. अशा शर्टाची किंमत ६५० आहे, एवढेच खरे. ६५० ला तो परवडत असेल आणि कापड बरे असेल तर घ्यायला हरकत नाही. फक्त ६५० रुपये वाचवले असे घरी सांगू नये.

युरोपीय संघाने या आजारावर थेट औषध काढले. २०२२ पासून तिथे नियम असा, की किंमत कमी केल्याचे जाहीर करताना गेल्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत सोबत सांगायची. आपल्याकडे आधार एमआरपीचा. ती छापलेली कमाल किंमत असते, माल कधी त्या किमतीला विकला गेला होता असे ती म्हणत नाही. म्हणजे आषाढात ‘अपटू’ दोन वेळा भेटतो, एकदा पाटीवर आणि एकदा टॅगवर. पाटी सांगते सूट जास्तीत जास्त किती; टॅग सांगतो किंमत जास्तीत जास्त किती. जास्तीत जास्त किमतीतून जास्तीत जास्त सूट वजा केल्यावर काय उरते, हे दुकानदाराला माहीत असते.

टॅगपाशी एक गोष्ट नखाने तपासता येते. वेष्टनातील वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे एमआरपी वाढवणारे चिकटपत्र लावता येत नाही. कमी केलेली किंमत दाखवणारे लावता येते, पण त्याखाली मूळ किंमत झाकता कामा नये. तेव्हा किमतीवर किंमत चिकटवलेली दिसली तर वरचा कागद हलकेच उचलून पाहावा. खालची किंमत वरच्यापेक्षा लहान निघाली, तर सूट कशाच्या जोरावर दिली जात होती याचा उलगडा होतो. दुकानातला मुलगा त्या वेळी ‘काका, तो टॅग फाटेल’ म्हणतो. फाटू द्यावा.

आता बिल. लांज्याहून आलेले एक कुटुंब कल्पावे आणि पाटी पाहून ते आत शिरले असे धरावे. दारात संवाद ठरलेला असतो.

“पन्नास टक्के कशावर?”

“निवडक मालावर आहे, काका.”

“निवडला कोणी?”

“शेठनी.”

“मग आम्ही निवडू त्यावर किती?”

याला उत्तर नसते, हसू असते. मग खरेदी होते. वडिलांचा बेचाळीसचा शर्ट १,३०० चा, २० टक्के सूट, १,०४०. आईची साडी १,८०० ची, १० टक्के, १,६२०. मुलीचा कुर्ता ९०० चा, ३० टक्के, ६३०. आजोबांचे दोन बनियन ३६० चे, सूट नाही. मुलाचा रेनकोट ९५० चा, सूट नाही आणि बाहेर धो धो पाऊस. इथवर टॅगांची बेरीज ५,३१० आणि द्यायचे ४,६००. सूट सुमारे साडेतेरा टक्के पडली.

साडेतेरा टक्के घेऊन घरी जाणे कोणालाही कमीपणाचे वाटते. पन्नास टक्क्यांच्या सेलला येऊन पन्नास टक्क्यांचे काहीच घेतले नाही, असे वडिलांच्या ध्यानात येते आणि त्यांची नजर स्वेटरवर जाते. १,४०० चा स्वेटर ७०० ला. “असू दे, कधी महाबळेश्वरला गेलो तर,” असे ते म्हणतात. आई काही म्हणत नाही. बिल होते ५,३०० रुपयांचे, आणि त्याखाली ठळक छापून येते: तुमची बचत १,४१० रुपये. टक्केवारी आता एकवीसवर गेली आहे. बचतीचा निम्मा भाग एकट्या स्वेटरने मिळवून दिला, हे खरे आहे. तो घेतला नसता तर खिशात ७०० रुपये जास्त राहिले असते, हेही तितकेच खरे आहे. पण ते बिलावर छापण्याची सोय अजून कोणत्याही यंत्रात झालेली नाही. सेलमधली खरी सूट मोजण्याची रीत अशी: घरून निघताना केलेल्या यादीतल्या वस्तूंच्या टॅगांची बेरीज, त्यांच्यासाठी दिलेली रक्कम, आणि या दोहोंतली तफावत. स्वेटर यादीत नव्हता. म्हणून या कुटुंबाची सूट साडेतेराच.

पन्नासाचा आकडा आणखी दोन सोंगे घेऊन येतो. पहिले ‘५० + २०’. बेरजेचे चिन्ह पाहून मन ७० म्हणते. प्रत्यक्षात हजाराच्या वस्तूचे आधी पाचशे होतात आणि मग वीस टक्के त्या पाचशेवर, म्हणजे शंभर. द्यायचे चारशे, एकूण सूट साठ टक्के. दहा टक्के चिन्हाने खाल्ले. दुसरे सोंग ‘दोनवर एक फ्री’. तीन नगांना दोघांची किंमत, म्हणजे तेहतीस टक्क्यांच्या आसपास. पण तिन्ही नगांची किंमत सारखी असेल तरच. वेगवेगळ्या किमतींचे तीन घेतले की फुकटचा तो सर्वांत स्वस्त, आणि टक्केवारी आणखी खाली. शिवाय एकच शर्ट हवा असलेल्या माणसाला त्याची सूट शून्य, आणि तीन शर्ट घेऊन आलेल्या माणसाला एक मोहरी रंगाचा.

याउलट, घासाघीस. ‘फिक्स रेट’ची पाटी नसलेल्या दुकानात आषाढातल्या एखाद्या रिकाम्या दुपारी, नेहमीचे गिऱ्हाईक वीस टक्क्यांच्या शर्टावर आणखी पन्नास रुपये सोडवून घेते. त्यासाठी पाटी लागत नाही. एक खुर्ची, दुकानदाराच्या मुलाच्या बारावीच्या निकालाची चौकशी आणि ‘शेवटचं सांगा’ हे दोन शब्द पुरतात. अशा सवलतीची टक्केवारी कुठेच छापली जात नाही, आणि दुकानदार ती शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगतो.

कायद्याने या पाटीकडे पाहिलेले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे, की अटी सांगणारा मजकूर मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात असावा, ठळक जागी असावा, आणि दाव्यातली महत्त्वाची गोष्ट लपवणारा नसावा. माल पुरेसा नसताना किमतीचे आमिष दाखवू नये, साठा मर्यादित असेल तर तसे सांगावे, असेही त्यांत आहे. मात्र कमाल सवलत किती मालावर असावी, याचा आकडा त्यांत नाही. ब्रिटनमध्ये दहा टक्के माल तरी कमाल सवलतीचा असावा असा ठोकताळा वापरतात. त्या हिशेबाने वरच्या दुकानात १२ च्या जागी ४० नग लागले असते, म्हणजे आणखी अठ्ठावीस स्वेटर शोधावे लागले असते.

बिल हातात घेतल्यावर दोन ओळी वाचाव्यात. पहिली कराची. एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. तेव्हा एमआरपीवर सूट देऊन मग वर कर वेगळा लावला असेल, तर जाहीर केलेली सूट तेवढी कमी झाली. तयार कपड्यांच्या सेलमधल्या अशाच वेगळ्या आकारलेल्या कराला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवले. बारीक अक्षरांतली ‘कर वेगळा’ ही ओळ विक्रेत्याला वाचवू शकली नाही. अशी ओळ दिसली तर गल्ल्यावरच बोलावे. तिथे भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. शर्ट पाच लाखांच्या आत बसतो.

दुसरी ओळ बिलाच्या तळाशी असते: ‘सेलचा माल परत घेतला किंवा बदलून दिला जाणार नाही.’ ही ओळ पाहून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि ते बरोबर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवण उसवलेली असेल, पहिल्या धुण्यात रंग गेला असेल, तर सेल असो वा नसो, माल परत नेता येतो. बिल तेवढे जपून ठेवावे. स्वेटर रत्नागिरीत उकडतो, हा दोष मात्र या व्याख्येत बसत नाही.